चाळीतला गणपती, नवरा-बायकोची कंपनी आणि दोन उत्तरांचा एक प्रश्न

परळच्या एका अभ्यासिकेत आम्ही चौघं दर रविवारी बसतो, नेट-सेटच्या लॉ पेपरसाठी. चौघांत एक काका आहेत, पन्नाशी ओलांडलेले, फोर्टातल्या एका वकिलांकडे पंचवीस वर्षं कारकुनी केली आणि आता एलएलएम झाल्यावर सेट देऊन टाकू म्हणतायत. बाकी आम्ही तिघं नुसतेच पुस्तकी. मागच्या महिन्यात एका क्लासच्या टेस्ट सिरीजमधला ज्युरिस्प्रुडन्सचा सेट सोडवला, त्यात एक पॅसेज होता आणि त्याच्यावर सहा प्रश्न, विषय कायदेशीर व्यक्तिमत्त्व, म्हणजे कंपनी, मूर्ती वगैरे माणूस नसलेल्यांना कायदा व्यक्ती मानतो ते. आपल्याला हे येतंच असं समजून चौघांनी दहा मिनिटांत उरकलं. मला सहापैकी तीन आले. काकांना पाच, आणि सहावं चुकलं ते क्लासची उत्तरपत्रिकाच चुकल्यामुळे, असं त्यांचं म्हणणं. ते बरोबर निघालं, पण ते शेवटी सांगतो.

आधी पॅसेज, माझ्या शब्दांत. गिरगावात एक चाळ आहे. तिच्या मालकाने १९३६ साली रजिस्टर्ड दानपत्र केलं, आवारातलं छोटं देऊळ आणि रस्त्याकडेचे तीन गाळे गणपतीला कायमचे अर्पण केले, मूर्तीची प्राणप्रतिष्ठा झाली, गाळ्यांच्या भाड्यातून पूजा, नैवेद्य, दिवाबत्ती चालायची. वहिवाट, म्हणजे देवळाचा आणि गाळ्यांचा कारभार, त्याने स्वतःकडे आणि आपल्यामागे थोरल्या मुलाच्या घराण्यात ठेवली. देऊळ सगळ्यांना खुलं. २०१५ मध्ये मूर्तीला तडा गेला म्हणून ती विसर्जित करून नवी बसवली. २०१९ मध्ये त्या वेळचा वहिवाटदार, म्हणजे मूळ मालकाचा नातू, त्याने तिन्ही गाळे एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला विकले. कंपनीचे शेअर १०,०००, त्यातले ९,९९९ त्याचे आणि एक बायकोचा, डायरेक्टर दोघंच. आता चाळीतली एक बाई, रोज देवळात जाणारी, ‘गणपती, वादमित्रामार्फत’, म्हणजे गणपतीच्या वतीने आपण उभी आहे, असं म्हणून दावा लावते की हे गाळे माझे आहेत, परत द्या. माझे म्हणजे गणपतीचे.

पहिला प्रश्न, विक्रीच्या आधी गाळ्यांचा मालक कोण? पर्याय होते वहिवाटदार, भक्तगण, गणपती, आणि दान देणाऱ्याचे सगळे वारस. मी भक्तगण टिक केलं, आणि चुकीचं असलं तरी त्याला कारण होतं. देवकी नंदन विरुद्ध मुरलीधर हा सुप्रीम कोर्टाचा १९५७ चा निकाल वाचलेला होता, त्यात कोर्ट म्हणतं की देवळाला दिलेल्या मालमत्तेचे खरे लाभार्थी मूर्ती नसून तिथे पूजा करणारे लोक असतात, कारण दगडाला किंवा धातूला काही उपभोग घेता येत नाही. मी ते वाक्य पाठ केलं आणि लाभार्थी म्हणजेच मालक असं डोक्यात बसवून टाकलं. पण तो निकाल होता देवळाचं स्वरूप खासगी की सार्वजनिक हे ठरवायला. दान कुणाच्या भल्यासाठी होतं ते बघायचं होतं, मालकी कुणाच्या नावावर बसते हा मुद्दा वेगळा. मालकी कायद्याच्या दृष्टीने देवाकडेच. वहिवाटदार हा फक्त सांभाळणारा, त्याच्या हातात किल्ल्या असतात आणि पावतीपुस्तक असतं, बस. २०२१ मध्ये मध्य प्रदेशातल्या देवळांच्या जमिनींवरून सुप्रीम कोर्टाने हेच परत सांगितलं, जमिनीच्या कागदावर मालकाच्या रकान्यात देवाचंच नाव यायला हवं आणि पुजारी हा व्यवस्थापक.

गंमत म्हणजे हीच चूक कंपनीच्या बाबतीत मी कधी केली नसती. बाचा गझदर यांची केस सगळ्यांना पाठ असते, मुंबईचीच. त्यांच्याकडे चहाच्या कंपन्यांचे शेअर होते. चहाच्या कंपनीच्या उत्पन्नातला ६० टक्के भाग शेतीचा धरून त्यावर तो आयकर लागत नसे, तर बाई म्हणाल्या मग माझ्या डिव्हिडंडचाही तेवढा भाग शेतीचा धरा. सुप्रीम कोर्ट म्हणालं नाही, चहाच्या मळ्याची मालक कंपनी आहे, शेअरहोल्डर नाही, मळ्यात तुमचा काही हिस्सा नाही, तुम्हाला मिळतो तो कंपनीने जाहीर केलेला नफा. आता गझदर बाईंच्या जागी भक्त ठेवा आणि मळ्याच्या जागी गाळे. फायदा ज्याला होतो तो मालक नाही, मालक मधला तो ‘माणूस’ आहे जो दिसत नाही. एवढं सरळ साम्य होतं आणि तरी मूर्ती म्हटल्यावर डोकं भावनेकडे गेलं.

दुसरा प्रश्न मूर्ती तडकण्याचा. जुनी मूर्ती समुद्रात गेली, मग तिच्या नावावरच्या गाळ्यांचं काय? एक पर्याय असा की ज्या व्यक्तीचं नाव होतं ती संपली म्हणून मालमत्ता दान देणाऱ्याच्या वारसांकडे परत जाते. आमच्यातल्या ठाण्याच्या मुलीने हेच लिहिलं, आणि ती म्हणाली पण, अरे माणूस मेला की मालमत्ता वारसांकडेच जाते ना, मग. आता हे वरवर बरोबर वाटतं, पण ह्या प्रश्नातच सगळ्या विषयाचं मूळ आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

कायद्याने व्यक्ती नक्की कुणाला मानलंय, त्या दगडाला की अजून कशाला? मुंबई हायकोर्टाने हे १८८७ मध्येच स्पष्ट केलंय, मनोहर गणेश तांबेकर विरुद्ध लखमीराम, डाकोरच्या रणछोडरायाच्या देवळावरून झालेली केस. न्यायमूर्ती वेस्ट यांचं म्हणणं असं की हिंदू कायदा रोमन कायद्यासारखाच दोन प्रकारचे कृत्रिम ‘व्यक्ती’ ओळखतो, एक माणसांच्या समूहाला धरून आणि दुसरा एखाद्या धार्मिक किंवा धर्मादाय हेतूसाठी वाहिलेल्या मालमत्तेला धरून, ज्याला फाउंडेशन म्हणतात. दुसऱ्या प्रकारात मागे माणसं लागतच नाहीत. मूर्ती ही त्या हेतूची खूण आहे. पुढे १९६९ मध्ये योगेंद्रनाथ नस्कर यांच्या आयकराच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच धरलं की डोळ्यांना दिसणारी वस्तू नाही, तर दान देणाऱ्याचा जो आध्यात्मिक हेतू त्या मूर्तीत साकार झालाय, तिथे व्यक्तिमत्त्व बसतं. अयोध्येच्या २०१९ च्या निकालातही हा धागा आहे, मूर्ती नष्ट झाली म्हणून हेतू संपत नाही. मग मूर्ती तडकली, बुडवली, नवी आणली, गाळ्यांचा मालक तोच राहिला. उत्तर (क), मालमत्ता त्याच देवस्थानाची राहते. कंपनीचे जुने शेअरहोल्डर जाऊन नवीन आले तरी कंपनी तीच, तसंच हे.

ह्याची उलटी बाजू पण विचारतात. मूर्तिकाराच्या कारखान्यात शाडूच्या मूर्ती रांगेत ठेवलेल्या असतात, त्यातली एखादी कायदेशीर व्यक्ती आहे का? नाही. ती विकायचा माल आहे. विधिपूर्वक स्थापना आणि लोकांनी तिला देव म्हणून मानणं, हे झाल्यावर व्यक्तिमत्त्व येतं. गुरु ग्रंथ साहिबचंही सुप्रीम कोर्टाने २००० मध्ये असंच सांगितलंय, गुरुद्वारात गुरु म्हणून विराजमान असलेला ग्रंथ कायदेशीर व्यक्ती, पण म्हणून प्रत्येक छापील प्रत व्यक्ती होत नाही. आणि आपल्या मंडळाचा दहा दिवसांचा गणपती? तिथे देणगी लोक मंडळाच्या ट्रस्टला देतात, पावती मंडळाची असते, विसर्जनानंतर पैसे कुणाचे हा वाद मूर्तीच्या व्यक्तिमत्त्वावर येतच नाही. हे काकांनी सांगितलं, मी आपलं उगाच सिद्धांत लावत बसलो होतो.

सिद्धांतांवर ह्याच प्रश्नाचा एक उपप्रश्न असतो बऱ्याच पेपरात. सॅव्हिनी आणि सामंड यांच्याकडे बोट दाखवून फिक्शन थिअरी, म्हणजे कायद्याने मानलेली कल्पना. गिर्केची रिअलिस्ट थिअरी, म्हणजे समूहाला खरोखरचं स्वतःचं मन असतं. ब्रिन्झची पर्पज थिअरी, म्हणजे व्यक्ती वगैरे काही नाही, एका हेतूला बांधलेली मालमत्ता आहे. हे पाठ करायला मिनिट लागत नाही, पण मूर्तीला कुठली बसते विचारलं की गोंधळ उडतो. गिर्केची तर नाहीच, कारण मूर्तीमागे समूह हवाच असं नाही. ब्रिन्झची वर्णनाला अगदी फिट बसते, फक्त ब्रिन्झ म्हणतो इथे व्यक्ती नाहीच आणि आपली कोर्टं म्हणतात आहे. म्हणून पर्यायात ‘हेतूचं मूर्त रूप’ असे शब्द आले तर पर्पजकडे जायचं, आणि ‘कायद्याने मानलेली व्यक्ती’ असं आलं तर फिक्शनकडे. माझं स्वतःचं मत, कोर्टांनी दोन्हींची खिचडी केलीये आणि ती चवीला बरी आहे.

तिसरा प्रश्न, दावा कोण लावू शकतं? इथे दोघं चुकले. पर्याय होते फक्त वहिवाटदार, फक्त सरकार, कुणीही भक्त केव्हाही, आणि वहिवाटदार देवाच्या विरुद्ध वागत असेल तर भक्त वादमित्र म्हणून. एकाने (अ) लिहिलं, कारण पुस्तकात तेच असतं, देवाच्या वतीने शेबाइत दावा लावतो. बंगालच्या केसेसमुळे शेबाइत हा शब्द पुस्तकांत पसरलाय, आपल्याकडे वहिवाटदार. नियम बरोबर आहे, पण इथे ज्याने दावा लावायचा त्यानेच गाळे विकलेत. चोराला सांगायचं तूच फिर्याद दे, असं झालं. ह्यावर उत्तर आहे बिश्वनाथ विरुद्ध ठाकूर राधाबल्लभजी, सुप्रीम कोर्ट, १९६७. मूर्तीची स्थिती अज्ञान, म्हणजे कायद्याने सज्ञान न झालेल्या, मुलासारखी असते, पालकच मुलाच्या जिवावर उठला तर दुसऱ्या कुणीतरी उभं राहायलाच हवं, म्हणून पूजेत हितसंबंध असलेला माणूस देवाच्या वतीने तेवढ्यापुरता उभा राहू शकतो. त्याच निकालात अजून एक उपयोगाची गोष्ट आहे, सिव्हिल प्रोसिजर कोडच्या कलम ९२ ची आडकाठी असल्या दाव्याला येत नाही, कारण इथे देव स्वतःचा हक्क मागतोय, ट्रस्टची व्यवस्था बदलून मागत नाहीये.

आणि त्याच्याही आधी १९२५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सगळ्यात वरच्या कोर्टाने, प्रमथनाथ मल्लिकच्या केसमध्ये म्हटलं होतं की घरातल्या भावाभावांत मूर्ती कुठे ठेवायची ह्यावरून भांडण असेल तर त्या भांडणाबाहेरच्या, निःपक्ष वादमित्रामार्फत मूर्तीची बाजू ऐकली पाहिजे. म्हणजे देवाच्या वतीने बोलणाऱ्याचा हितसंबंध देवाच्या हितसंबंधापेक्षा वेगळा असू शकतो हे कोर्टाला शंभर वर्षांपासून माहितीये. आता ‘कुणीही भक्त केव्हाही’ हा पर्याय का चूक ते कळलं. वहिवाटदार नीट काम करत असताना भक्ताला मधे पडता येत नाही, नाहीतर दर महिन्याला देवाच्या नावाने एक दावा पडेल.

इथे काकांनी पुस्तकाबाहेरचं सांगितलं, ते म्हणाले, “बाळांनो, परीक्षेत लिहा वादमित्र, पण मुंबईत हे प्रकरण खरंच आलं तर पहिलं विचारायचं, देवस्थान धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलंय का.” देऊळ सगळ्यांना खुलं आहे म्हणजे पब्लिक ट्रस्ट धरलं जाणार, आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय स्थावर विकताच येत नाही. मग नातवाने विकलं ते परवानगी घेऊन का, हा पहिला प्रश्न, आणि परवानगी नसेल तर खरेदीखताला तिथेच धक्का बसतो. हा मुद्दा पॅसेजमध्ये मुद्दाम सोडलाय, कारण पेपर अख्ख्या देशाचा आहे आणि हा कायदा आपल्या राज्याचा. त्यामुळे पेपरात असल्या प्रश्नाला राज्याचा कायदा आणू नये, पर्यायात दिसला तरच बघावा.

चौथा प्रश्न कंपनीचा, इथे मी आनंदाने चुकलो. कंपनी म्हणते, आम्ही वेगळी कायदेशीर व्यक्ती आहोत, पैसे देऊन गाळे घेतलेत, वहिवाटदाराने काय केलं ते त्याचं तो बघेल. हा बचाव टिकेल का? मी लिहिलं टिकेल, कारण सॉलोमन. आणि सॉलोमन खरंच डोक्यात असा बसलेला असतो की दुसरं काही सुचत नाही. १८९७, हाउस ऑफ लॉर्ड्स. चामड्याच्या बुटांचा धंदा करणारा ॲरन सॉलोमन, त्याने स्वतःचा धंदा स्वतःच्याच कंपनीला विकला, शेअर २०,००७, त्यातले २०,००१ त्याचे, उरलेले सहा बायको-मुलांचे एकेक, वर १०,००० पौंडांचे डिबेंचर, म्हणजे कर्जरोखे, ते पण स्वतःच्या नावावर. वर्षभरात कंपनी बुडाली. बाकीचे देणेकरी म्हणाले हा आणि कंपनी एकच. लॉर्ड्स म्हणाले नाही, कायद्याप्रमाणे नोंदली म्हणजे कंपनी वेगळी व्यक्ती, एकाच माणसाच्या हातात असली तरी. आपल्या २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम ९ पण तेच, नोंदणी झाल्या दिवसापासून कंपनी स्वतःच्या नावाने मालमत्ता घेते, करार करते, दावा लावते, तिच्यावर दावा लागतो.

मग बचाव का टिकत नाही? कारण प्रश्न ‘कंपनी वेगळी आहे का’ हा नव्हताच. वेगळी आहे, मान्य. प्रश्न असा की ह्या वेगळ्या व्यक्तीला गाळे देवाचे आहेत हे माहीत होतं का. आणि कंपनीला स्वतःचं डोकं नसतं, तिला जे माहीत असतं ते तिचा कारभार चालवणाऱ्यांना माहीत असतं म्हणून. इथे कारभार कोण चालवतो? तोच वहिवाटदार. आजोबांचं दानपत्र त्याच्याच कपाटात. मग कंपनी ‘आम्हाला माहीत नव्हतं, आम्ही प्रामाणिक खरेदीदार’ असं म्हणूच शकत नाही. बघा, कंपनीचा बुरखा फाडायची, म्हणजे तिचं वेगळेपण बाजूला सारून मागचा माणूस धरायची सुद्धा गरज पडली नाही, कंपनीला पूर्ण वेगळी व्यक्ती धरूनच ती हरली.

बुरखा फाडण्याची केस हवी असेल तर तीही मुंबईचीच, सर दिनशॉ पेटिट, १९२७, मुंबई हायकोर्ट. श्रीमंत माणूस, चार खासगी कंपन्या काढल्या, आपली गुंतवणूक त्यांच्या नावावर केली, व्याज-डिव्हिडंड कंपनीकडे जमा व्हायचं आणि तेच पैसे ‘कर्ज’ म्हणून त्यांच्याकडे परत यायचे. कर चुकवायला उभं केलेलं सोंग असं म्हणून कोर्टाने ते उत्पन्न त्यांचंच धरलं. पॅसेजमध्ये हा पर्याय होता, ‘बुरखा फाडूनच’ गाळे परत मिळतील असा, आणि ‘च’ हा अक्षरशः सापळा होता. मराठी भाषांतरात तो ‘च’ नीट दिसतो तरी, इंग्रजी पेपरात चटकन डोळ्यांतून निसटतो.

पाचवा प्रश्न विधान-कारण छापाचा. विधान, मूर्तीच्या उत्पन्नावर आयकर लागू शकतो. कारण, मूर्ती कायमची अज्ञान असते. आम्ही तिघांनीही दोन्ही बरोबर आणि कारण हे विधानाचं योग्य स्पष्टीकरण असं लिहिलं. विधान बरोबर आहे, नस्कर यांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने मूर्तीला १९२२ च्या आयकर कायद्यातली ‘इंडिव्हिज्युअल’ धरली. पण कर अज्ञान असल्यामुळे लागत नाही, उत्पन्न असलेली व्यक्ती आहे म्हणून लागतो. अज्ञानपणाची उपमा कोर्टांनी एका कामासाठी आणली, ते काम म्हणजे देवाला स्वतः बोलता येत नाही म्हणून कुणीतरी बोलायला हवं. त्यापलीकडे ती ताणली की चुकतं. मुदतीच्या कायद्यात अज्ञान मुलाला मोठं होईपर्यंत सवलत मिळते, मग देव कधीच मोठा होत नाही म्हणून त्याला मुदत कधीच लागू नये असा युक्तिवाद अयोध्येच्या केसमध्ये झाला, आणि सुप्रीम कोर्टाने तो नाकारला. आपल्या पॅसेजमधल्या बाईनेही ‘देवाला कसली मुदत’ म्हणून दावा लांबवत बसू नये, वहिवाटदाराने विकलेली स्थावर परत मागायला बारा वर्षं आहेत आणि ती व्यवहार कळल्यापासून मोजतात.

व्यक्ती आहे म्हणजे सगळंच करता येतं असंही नाही. कंपनी व्यक्ती आहे पण नागरिक नाही, हे स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनच्या केसमध्ये १९६३ मध्ये ठरलंय. आणि मूर्तीचं सगळ्यात मजेदार उदाहरण सांगलीचं. तिथल्या गणपती पंचायतन ट्रस्टने देवांच्या नावाने डिमॅट अकाउंट मागितलं, देवांच्या नावाची पॅन कार्डं होती, तरी डिपॉझिटरीने नकार दिला, म्हणून ट्रस्ट मुंबई हायकोर्टात आला. २०१० मध्ये हायकोर्टानेही नकार दिला, शेअरच्या व्यवहाराला कौशल्य लागतं, देवांकडून त्याची अपेक्षा करणं बरोबर नाही असं कारण देऊन. ठाण्याच्या मुलीने लगेच विचारलं, मग कंपनीला तरी कुठे कौशल्य असतं, तिच्या वतीने डायरेक्टरच करतो ना? बरोबर आहे की. तर्काने बघितलं तर तो निकाल मलाही अवघड जातो. पण पेपरात ‘मूर्तीला कर लागतो, डिमॅट मिळत नाही’ ही जोडी आली तर दोन्ही बरोबर टिक करायचं.

आता सहावा, ज्याच्यावरून भांडण झालं. खालीलपैकी कोण कायदेशीर व्यक्ती नाही? (अ) चाळीची नोंदणीकृत सहकारी गृहनिर्माण संस्था, (ब) मशीद, (क) प्राणप्रतिष्ठा केलेली मूर्ती, (ड) भागीदारी फर्म. क्लासचं उत्तर (ब). काकांनी (ड) लिहिलं होतं.

(ब) ला आधार आहे १९४० चा प्रिव्ही कौन्सिलचा मशीद शहीदगंजचा निकाल, लाहोरची केस. तिथे ठरलं की मशिदीच्या नावाने किंवा मशिदीविरुद्ध दावा लावता येईल अशा अर्थाने ती कृत्रिम व्यक्ती नाही. पण मुस्लिम संस्थेला कुठल्याही परिस्थितीत, कुठल्याच कामासाठी व्यक्ती मानता येईल का हा प्रश्न प्रिव्ही कौन्सिलने उघडाच ठेवला. वक्फची मालमत्ता अल्लाहकडे जाते असं मानतात आणि मुतवल्ली तिचा कारभारी म्हणून कोर्टात उभा राहतो, त्यामुळे इमारतीला व्यक्ती करायची गरज तिथे पडली नाही. मूर्तीच्या बाबतीत ती गरज पडली, फरक इतकाच आहे, कमी-जास्त मान देण्याचा त्यात काही भाग नाही.

(ड) ला आधार त्याहून सरळ. भागीदारी फर्म म्हणजे भागीदारांचं एकत्र घेतलेलं नाव, फर्मची मालमत्ता ही भागीदारांचीच मालमत्ता. सिव्हिल प्रोसिजर कोडच्या ऑर्डर ३० मुळे फर्मच्या नावाने दावा लावता येतो, आणि तिथेच पोरं फसतात, पण ती लिहिण्याची सोय आहे, व्यक्तिमत्त्व नाही. आयकर कायदा मात्र फर्मला वेगळी धरतो, त्याच्या कामापुरती. एलएलपी असती तर गोष्ट वेगळी, २००८ चा कायदा तिला बॉडी कॉर्पोरेट, म्हणजे भागीदारांपासून वेगळी कायदेशीर व्यक्ती, म्हणतो. म्हणजे ह्या प्रश्नाला दोन उत्तरं होती, आणि त्यातल्या त्यात (ड) जास्त पक्कं, कारण (ब) मध्ये एक दार उघडं ठेवलेलं आहे. क्लासला मेल केला, चार दिवसांनी उत्तर आलं की प्रश्न रद्द केलाय, दोन्ही बाजूंना मार्क. काकांचा मार्क मिळाला, माझाही, कारण मी अंदाजाने (ब) ठोकलं होतं.

मग आम्हीच ठरवलं की प्रश्न दुरुस्त करून आमच्या वहीत ठेवू. मी मशीद काढून तिथे लिहिलं ‘सोसायटीज रजिस्ट्रेशन ॲक्ट, १८६० खाली नोंदलेली संस्था’, म्हटलं आता तरी एकच उत्तर राहील. काकांनी चष्मा वर करून माझ्याकडे बघितलं. “अरे, (अ) मधली गृहनिर्माण संस्था सहकारी कायद्याच्या कलम ३६ ने बॉडी कॉर्पोरेट आहे, पण १८६० वाली नाही. सुप्रीम कोर्टाची तिबिया कॉलेजची केस, १९६२. परत दोन उत्तरं केलीस की.” नाव दोन्हींचं सोसायटी, नोंदणी दोन्हींची, आणि एक व्यक्ती आहे, एक नाही. शेवटी तिथे ग्रामपंचायत लिहिली.